सल्ला सदर: व्याज आठ, खर्च सात, तरी निधी का आटतो?

वाचकाचे पत्र

"मी साठ वर्षांचा आहे आणि पुढच्या महिन्यात निवृत्त होतो आहे. माझ्याकडे १०० लाखांचा निधी आहे. त्यावर वर्षाला ८ टक्के परतावा धरला तर ८ लाख मिळतील आणि आमचा खर्च ७ लाखांचा आहे. म्हणजे मुद्दलाला हात न लावता, उलट दरवर्षी १ लाख शिल्लक टाकून आमचे भागेल, असा माझा हिशोब आहे. मुलगी म्हणते की महागाई धरलेली नाही. तिचे म्हणणे इतके गंभीर आहे का? कामाच्या ठिकाणी आणखी तीन वर्षे थांबण्याचा पर्यायही मला आहे. दरवर्षी नेमके किती काढले तर निधी पुरेल, हे वर्षवार मांडून दाखवाल का?"

उत्तर

आपल्या मुलीचे म्हणणे बरोबर आहे. खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतो असे धरले, तर आपल्या बेताप्रमाणे सोळा वर्षांचा खर्च पूर्ण निघेल. सतराव्या वर्षी, म्हणजे आपण शहात्तर वर्षांचे असताना, १७.७८ लाखांची गरज असेल आणि हाती ७.८४ लाख उरलेले असतील. (या उत्तरातले सर्व आकडे लाखांत आहेत, आणि परतावा म्हणजे कर व शुल्क वजा जाता हाती पडणारा परतावा.)

हे घडते कसे, ते पहिल्या चार वर्षांत बारकाईने पाहण्यासारखे आहे, कारण फसगत तिथेच होते. घरखर्चाचे पैसे वर्षाच्या सुरुवातीला बाजूला काढावे लागतात, त्यामुळे पहिल्या वर्षी परतावा १०० वर मिळत नाही, ७ काढून उरलेल्या ९३ वर मिळतो. तो ८ नसून ७.४४ भरतो आणि वर्षअखेर शिल्लक १००.४४ होते. दुसऱ्या वर्षी खर्च ७.४२ आणि परतावा ७.४४, म्हणजे जेमतेम बरोबरी. तिसऱ्या वर्षी खर्च ७.८७ होतो, परतावा ७.४१ वरच राहतो, आणि चौथे वर्ष उजाडते तेव्हा खात्यात बरोबर १०० शिल्लक असते. तीन वर्षे सुखाने खर्च केला आणि मुद्दल जिथल्या तिथे आहे, असे पाहून कोणालाही हायसे वाटेल. प्रत्यक्षात त्या १०० मध्ये आता आजच्या ८४ इतकीच खरेदी होते आणि त्या वर्षीचा खर्च ८.३४ वर गेलेला असतो. व्याजातला जो भाग आपण शिल्लक समजत होता, तो मुद्दलाची महागाईने झालेली झीज भरून काढण्यासाठी हवा होता. तो खर्च झाला की झीज साठत जाते, आणि ती खात्यातल्या आकड्यावर दिसू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

आता किती काढले तर पुरेल ते पाहू. आधी मुदत ठरवावी लागते. समजा आपल्याला पंचवीस वर्षे, म्हणजे पंच्याऐंशीव्या वर्षापर्यंतची सोय करायची आहे. परतावा ८ टक्के आणि महागाई ६ टक्के असेल, तर महागाई वजा जाता खरा परतावा किती, हा पहिला प्रश्न. बहुतेक जण आठातून सहा वजा करून २ टक्के म्हणतात. योग्य रीत भागाकाराची आहे: १.०८ ला १.०६ ने भागले की १.०१८८७ येतात, म्हणजे खरा परतावा १.८९ टक्के. फरक नगण्य वाटतो, पण २ टक्के धरून काढलेली पहिली उचल ५.०२ येते, तर योग्य उचल ४.९६ आहे, आणि ५.०२ ने सुरुवात केल्यास शेवटच्या वर्षी २०.३३ च्या गरजेपुढे ७.५९ कमी पडतात. सहा हजारांच्या चुकीची किंमत, पंचवीस वर्षांनी, त्या वर्षाच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक.

स्प्रेडशीटमध्ये हे उत्तर एका ओळीत मिळते:

```
=PMT(1.08/1.06-1, 25, -100, 0, 1)
```

यात आधी खरा परतावा, मग वर्षे, मग निधी आहे. शून्याचा अर्थ शेवटी काही उरवायचे नाही, आणि शेवटचा १ म्हणजे उचल वर्षाच्या सुरुवातीला. हा शेवटचा १ लिहायचा राहून गेला तर सूत्र उचल वर्षअखेरीस धरते आणि उत्तर खऱ्यापेक्षा जास्त दाखवते. ही चूक अगदी सर्रास होते.

म्हणजे पहिल्या वर्षी ४.९६ काढायचे आणि पुढे दरवर्षी त्यात ६ टक्के वाढ करायची. वर्षवार तक्ता असा होतो:

| वर्ष | सुरुवातीची शिल्लक | उचल | वर्षअखेर शिल्लक |
|---|---|---|---|
| १ | १००.०० | ४.९६ | १०२.६४ |
| २ | १०२.६४ | ५.२६ | १०५.१८ |
| ३ | १०५.१८ | ५.५७ | १०७.५७ |
| ४ | १०७.५७ | ५.९१ | १०९.८० |
| ५ | १०९.८० | ६.२६ | १११.८२ |
| ६ | १११.८२ | ६.६४ | ११३.६० |
| ७ | ११३.६० | ७.०४ | ११५.०८ |
| ८ | ११५.०८ | ७.४६ | ११६.२४ |
| ९ | ११६.२४ | ७.९१ | ११७.०० |
| १० | ११७.०० | ८.३८ | ११७.३१ |
| ११ | ११७.३१ | ८.८८ | ११७.१० |
| १२ | ११७.१० | ९.४२ | ११६.३० |
| १३ | ११६.३० | ९.९८ | ११४.८२ |
| १४ | ११४.८२ | १०.५८ | ११२.५८ |
| १५ | ११२.५८ | ११.२१ | १०९.४८ |
| १६ | १०९.४८ | ११.८९ | १०५.४० |
| १७ | १०५.४० | १२.६० | १००.२२ |
| १८ | १००.२२ | १३.३६ | ९३.८१ |
| १९ | ९३.८१ | १४.१६ | ८६.०३ |
| २० | ८६.०३ | १५.०१ | ७६.७० |
| २१ | ७६.७० | १५.९१ | ६५.६६ |
| २२ | ६५.६६ | १६.८६ | ५२.७० |
| २३ | ५२.७० | १७.८७ | ३७.६२ |
| २४ | ३७.६२ | १८.९५ | २०.१६ |
| २५ | २०.१६ | २०.०८ | ०.०९ |

हा तक्ता आपण स्वतः करून पाहावा, कारण पुढे दरवर्षी तो लागणार आहे. पहिल्या ओळीतली उचल सोडली, तर सगळे काम तीन सूत्रांचे आहे: वर्षअखेर शिल्लक म्हणजे सुरुवातीच्या शिलकेतून उचल वजा करून १.०८ ने गुणणे, पुढच्या वर्षाची उचल म्हणजे मागची उचल गुणिले १.०६, आणि पुढच्या वर्षाची सुरुवात म्हणजे या वर्षाची अखेर.

```
D2: =(B2-C2)*1.08
B3: =D2
C3: =C2*1.06
```

तक्त्यातली सर्वांत महत्त्वाची जागा दहाव्या वर्षाच्या अखेरीची. तिथे शिल्लक ११७.३१ आहे, सगळ्या तक्त्यातली सर्वाधिक. दहा वर्षे खर्च करूनही निधी वाढलेला पाहून याच सुमारास लोक हात सैल सोडतात: घराची मोठी डागडुजी निघते, मुलांना भलीमोठी मदत दिली जाते, आणि तेव्हा ती परवडणारीही वाटते. पण त्या ११७.३१ ची किंमत आजच्या भावात ६५.५० आहे. म्हणजे आकडा शिखरावर असताना निधीचा एक तृतीयांशाहून अधिक भाग खऱ्या अर्थाने खर्च होऊन गेलेला आहे, आणि तो तसाच व्हायला हवा होता, कारण हा तक्ता शेवटी शून्यावर येण्यासाठीच बांधलेला आहे. त्यातून वरचे पाच लाख जरी काढले, तरी ते उरलेल्या पंधरा वर्षांच्या खर्चातून काढलेले असतात.

म्हणून शिलकेच्या आकड्यापेक्षा उचलीचे शिलकेशी प्रमाण पाहत जावे. पहिल्या वर्षी ते ४.९६ टक्के आहे, अकराव्या वर्षी ७.५७ टक्के, सतराव्या वर्षी जवळपास १२ टक्के. हे वाढणे स्वाभाविक आहे, कारण उरलेली वर्षे कमी होत जातात. ८ टक्के परताव्यावर हे प्रमाण ७.४ टक्क्यांच्या पुढे गेले की शिल्लक घटू लागते, आणि तक्त्यात अकराव्या वर्षी तेच झालेले दिसते. ते नको तितके वाढले आहे का, हे उरलेल्या वर्षांवरून ठरते. याच परताव्यावर आणि महागाईवर, तीस वर्षे उरली असतील तर ४.३१ टक्के काढता येतात, वीस उरली असतील तर ५.९४, पंधरा उरली असतील तर ७.५७ आणि दहा उरली असतील तर १०.८६. आपले प्रमाण त्या त्या वेळच्या आकड्यापेक्षा वर गेले असेल, तर निधी मुदतीआधी संपणार, मग खात्यातला आकडा कितीही मोठा दिसो. आपल्या ७ लाखांच्या बेताला ही कसोटी लावली असती, तर पहिल्याच दिवशी ७ टक्के विरुद्ध ४.९६ टक्के असे उत्तर आले असते.

इथवरचा तक्ता स्वच्छ आहे, कारण त्यात दरवर्षी नेमका ८ टक्के परतावा आणि नेमकी ६ टक्के महागाई आहे. तशी वर्षे कोणाच्याच वाट्याला येत नाहीत. महागाई ६ ऐवजी ७ टक्के राहिली आणि उचल त्याप्रमाणे वाढवत नेली, तर ४.९६ ने सुरू केलेला निधी तेविसाव्या वर्षी अपुरा पडतो. ही तूट निदान हळूहळू येते आणि दिसत येते. परताव्याच्या क्रमाचा धोका याहून मोठा आहे आणि तो सरासरीच्या आड लपतो.

उदाहरण असे. पंचवीसपैकी दोन वर्षे वाईट आहेत, दोन्हीत निधी १० टक्क्यांनी घटतो, आणि उरलेल्या तेवीस वर्षांत सुमारे ९.७३ टक्के परतावा मिळतो. पंचवीस वर्षांचा चक्रवाढ परतावा बरोबर ८ टक्केच येतो, आणि जो काहीही काढत नाही, त्याला ती दोन वर्षे कधी आली याने काडीचाही फरक पडत नाही. पण आपण दरवर्षी काढत असतो. ती दोन वर्षे अगदी शेवटी आली, तर सर्व उचली पूर्ण होऊन १०३ उरतात. तीच दोन वर्षे सुरुवातीला आली, तर दोन वर्षांत शिल्लक ७२.२५ वर येते आणि एकोणिसाव्या वर्षी १४.१६ ची गरज असताना ११.३० हाती राहतात. सरासरी तीच, उचल तीच, महागाईही तीच. पडत्या वर्षात काढलेली रक्कम पुढच्या चांगल्या वर्षांत वाढायला निधीत नसते, एवढेच कारण आहे. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षे नाजूक म्हणतात ती यामुळे, आणि तिथे जे बिघडते ते नंतरच्या चांगल्या परताव्याने पुरते भरून येत नाही.

विल्यम बेंगेन या अमेरिकी आर्थिक नियोजकाने १९९४ मध्ये हाच प्रश्न सरासरी न धरता तपासला. त्याने १९२६ पासूनचे अमेरिकेतले प्रत्यक्ष परतावे आणि महागाई घेतली, आणि शेअर व रोखे निम्मे निम्मे असलेला निधी वेगवेगळ्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला किती पुरला असता ते पाहिले. पहिल्या वर्षी ४ टक्के काढून पुढे फक्त महागाईइतकी वाढ केली, तर वाईटात वाईट काळातही तीस वर्षे निभावली, असे त्याला आढळले. 'चार टक्क्यांचा नियम' म्हणून जे सांगितले जाते ते हे. त्याचा अर्थ दरवर्षी त्या वर्षीच्या शिलकेच्या ४ टक्के काढावेत, असा नाही, जरी पुष्कळ जण तसाच घेतात. शिवाय तो एका देशाच्या इतिहासावरून काढलेला आकडा आहे. जिथे महागाई आणि परतावा यांतले अंतर कमी आहे, तिथे तो जसाच्या तसा उचलणे मला योग्य वाटत नाही.

आता आपल्यापुरते. पंच्याऐंशीला शून्यावर येणारा तक्ता मी आपल्याला सुचवणार नाही. पुढेही आयुष्य असेल तर त्या वयात दुसरी सोय उभी करता येत नाही, म्हणून मुदत नव्वदीपर्यंत, तीस वर्षांची धरावी. तसे केल्यास पहिली उचल ४.३१ येते. आपला खर्च ७ आहे, म्हणजे त्याच्या ६२ टक्केच भागतात. परतावा ९ किंवा १० धरून ही दरी कागदावर बुजवता येईल. ते करू नये, कारण जास्त परताव्याच्या आशेने निधी जितका चढउताराच्या ठिकाणी ठेवाल, तितका वर सांगितलेला क्रमाचा धोका वाढतो.

तीन वर्षे थांबण्याचा पर्याय मात्र खरोखर उपयोगी आहे. त्या काळात खर्च पगारातून भागला आणि निधीला हात लागला नाही, तर ८ टक्क्यांनी तो १२५.९७ होईल आणि मुदत सत्तावीस वर्षांची उरेल. तेव्हाची पहिली उचल ५.८९ येते, जी आजच्या भावात ४.९४ आहे. म्हणजे नुसत्या थांबण्याने आजच्या ४.३१ ची ४.९४ होते. त्या तीन वर्षांत पगारातून जे काही बाजूला पडेल, त्यातला प्रत्येक १ लाख पहिल्या उचलीत आणखी सुमारे ४,६७० ची भर घालील. तरीही ७ गाठले जाणार नाहीत, हे मान्य करूनच पुढचा बेत करावा लागेल: आजच्या भावातला खर्च ५ च्या आसपास आणावा, किंवा निधीबाहेरचे एखादे नियमित उत्पन्न शोधावे.

खर्च कमी करताना त्याचे दोन भाग करावेत. किराणा, औषधे, बिले, विम्याचे हप्ते यांसारखा जो भाग टळत नाही, तो ४.३१ च्या आत बसतो का ते आधी पाहावे. प्रवास, समारंभ, मोठ्या वस्तू हा दुसरा भाग, आणि त्यालाच पडत्या वर्षी कात्री लागू शकते. ज्याचा सगळाच खर्च अटळ आहे, त्याने पहिली उचल तक्त्यापेक्षा कमी ठेवलेली बरी, कारण वाईट वर्षी मागे घेण्यासारखे त्याच्याकडे काही नसते.

दरवर्षी ठरावीक दिवशी प्रत्यक्ष शिल्लक आणि उरलेली वर्षे सूत्रात घालून उचल नव्याने काढावी आणि ती ठरलेल्या उचलीशेजारी मांडावी. दोन्ही जवळजवळ सारख्या असतील तर महागाईची वाढ घ्यावी. नवी उचल बरीच कमी येत असेल, तर त्या वर्षी वाढ घेऊ नये आणि मागच्याच रकमेत भागवावे. तक्त्यातल्या निधीला पहिल्याच वर्षी १० टक्क्यांची घट झाली असे समजा. ठरलेली दुसरी उचल ५.२६ असते, नवा हिशोब ४.३८ दाखवतो. एकदम ४.३८ वर येणे जड जाते, म्हणून ४.९६ वरच थांबावे आणि पुढच्या वर्षी पुन्हा पाहावे. दुसरेही वर्ष तसेच गेले, तर वाढ न घेणे पुरणार नाही आणि प्रत्यक्ष कपात करावी लागेल. दोन वर्षांच्या उचलीइतकी रक्कम जिथे घट होत नाही अशा ठिकाणी ठेवली असेल, तर पडत्या वर्षी बाकीचा निधी न विकता त्यातून भागवता येते. अशा रकमेवर परतावा कमी मिळतो, आणि तो फरक तक्त्यातल्या ८ टक्क्यांतून आधीच वजा करून घ्यावा. बाकी निधीवर ८ आणि या रकमेवर ५ मिळणार असतील, आणि ती निधीच्या दहाव्या हिश्श्याइतकी असेल, तर सूत्रात ७.७ टक्के घालून पहिली उचल पुन्हा काढावी.